सिक लीव्हच्या मेलमध्ये मॅनेजरला आजाराचं किती सांगायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली बारा वर्षं पुण्यात एचआर ऑपरेशन्समध्ये आहे, आधी हिंजवडीला होते आता खराडीला. रजा, मेडिक्लेम, फिटनेस सर्टिफिकेट हे सगळं माझ्या टेबलावरून जातं, त्यामुळे ओळखीतल्यांचे, ओळखीच्या ओळखीतल्यांचे फोन येतात आणि प्रश्न जवळपास तेच असतात. सर्दी-तापाचं सांगायला कुणी अडखळत नाही. अडखळतात ते ऑपरेशन असेल, नाव घ्यायला संकोच वाटतो असं दुखणं असेल तेव्हा. म्हणून इथे मुख्यतः त्याबद्दलच लिहिलंय.

मॅनेजरला नक्की काय कळायला हवं?

चार गोष्टी. तुम्ही कधीपासून नाही, अंदाजे कधीपर्यंत नाही, मधल्या काळात फोन किंवा मेल बघणार आहात की नाही, आणि तुमच्या हातातलं काम कुणाकडे दिलंय. मॅनेजरला रोस्टर लावायचाय, क्लायंटला उत्तर द्यायचंय, डिलिव्हरीची तारीख सांभाळायचीय, आणि यातल्या कशालाही आजाराचं नाव लागत नाही. "प्रकृतीच्या कारणामुळे", "डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय", "एक छोटी सर्जरी आहे" यातलं जे खरं असेल ते एक वाक्य पुरतं.

एक-दोन दिवसांची रजा असेल तर याहून कमी चालतं. "सर, बरं वाटत नाहीये, आज रजा घेतेय, दुपारच्या कॉलची नोट्स फाइल शेअर केलीय, अर्जंट असेल तर मेसेज करा" एवढ्यात झालं.

एवढंच लिहिलं तर खोटं वाटणार नाही का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे, आणि लोक डिटेल भरतात ते याच भीतीने. रात्री किती वेळा उलटी झाली, सोनोग्राफीत काय निघालं, डॉक्टर काय म्हणाले, सगळं लिहितात म्हणजे समोरचा विश्वास ठेवेल. मी मॅनेजर लोकांच्या बाजूनेही हे बघितलंय, आणि मॅनेजरचा संशय येतो तो वेगळ्याच गोष्टींवरून: मेल शिफ्ट सुरू झाल्यावर दोन तासांनी आला, परत यायची तारीखच नाही, काम कुणाकडे ते लिहिलं नाही. तारीख आणि हँडओव्हर नीट असेल तर "तब्येत बरी नाही" वर सहसा कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

डेंग्यू, टायफॉइड असलं साधं काही असेल तर नाव लिहू का?

लिहा की, हरकत नाही. डेंग्यूच्या बाबतीत तर मी म्हणेन लिहाच, कारण ताप उतरला की सगळ्यांना वाटतं बरा झाला, पण डेंग्यूत प्लेटलेट घसरायचे आणि जपायचे दिवस बरेचदा ताप उतरतानाच येतात आणि पुढे अशक्तपणा कितीतरी दिवस राहतो. मॅनेजरला नाव माहीत असेल तर "ताप नाही ना मग ये" हे ऐकावं लागत नाही. फक्त तारीख पक्की देऊ नका. "सोमवारी येतोच" असं लिहून मग दोनदा वाढवण्यापेक्षा "शुक्रवारी पुन्हा ब्लड टेस्ट आहे, संध्याकाळी कळवतो" असं लिहिलं की तुम्हीपण मोकळे आणि मॅनेजरपण.

पण काही नावं विनाकारण घाबरवतात. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे, म्हणजे गिया-बारे सिंड्रोमचे पेशंट निघाले तेव्हा आमच्याकडे एकाने मेलमध्ये "धायरीला राहतो, जुलाब होतायत, पायात गोळे येतायत" असं सगळं लिहिलं, त्या मेलची गोष्ट टीमभर झाली आणि बरा होऊन आल्यावर शेजारी बसणाऱ्यांनी जागा बदलून मागितल्या. त्याला साधं पोट बिघडलेलं होतं. आणि जीबीएस असता तरी तो माणसाकडून माणसाला लागत नाही, पोटातल्या किंवा दुसऱ्या एखाद्या इन्फेक्शननंतर आपलीच इम्युनिटी नसांवर उलटते असा तो प्रकार आहे. पण हे कोण समजावत बसणार.

मला फिस्टुलाचं ऑपरेशन आहे. हे मॅनेजरला कसं लिहू?

एक खरी केस सांगते. नावगाव सांगत नाही, त्याची परवानगी घेऊन लिहितेय. टेस्टिंगमधला मुलगा, वडगावला राहतो, ऑफिस खराडीला, रोज गाडीवर जातो. सोमवारी सर्जनने सांगितलं गुरुवारी ऑपरेशन करू. त्याने मला पाठवलेला पहिला ड्राफ्ट असा होता:

"सर, मला गेले तीन महिने शौचाच्या जागी गळू येऊन पू येत होता, एमआरआय केला त्यात फिस्टुला निघाला आहे, गुरुवारी ऑपरेशन आहे, डॉक्टर म्हणाले जखम उघडी ठेवावी लागते आणि रोज ड्रेसिंग लागेल, सोबत एमआरआय रिपोर्ट जोडत आहे, कृपया रजा मंजूर करावी."

सब्जेक्टमध्ये "फिस्टुला सर्जरी लीव्ह", टूमध्ये मॅनेजर, सीसीमध्ये टीमचा ग्रुप आयडी, आणि अटॅचमेंटचं नाव `MRI_fistula_report.pdf`.

म्हणजे बघा, चोवीस लोकांना हे जाणार होतं. आणि मॅनेजरला जे हवं होतं, किती दिवस आणि काम कोण बघणार, ते यात कुठेच नव्हतं. आम्ही बसून तो असा केला:

"सर, माझी गुरुवारी एक छोटी सर्जरी आहे. गुरुवारपासून पुढचे दहा दिवस मी रजेवर असेन. त्यानंतर अजून किती विश्रांती लागेल ते पहिल्या फॉलोअपला कळेल, त्या दिवशी संध्याकाळी तुम्हाला कळवतो. पहिले तीन दिवस फोन बंद असेल, नंतर दिवसातून एकदा मेसेज बघेन. रिग्रेशनचं काम बुधवारी संध्याकाळपर्यंत हँडओव्हर करतोय, शीट शेअर केलीय. मेडिकल कागद एचआरला देतोय."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. त्याने मॅनेजरला कळतं की पुरावा आहे, फक्त तो त्याच्याकडे यायचा नाहीये, त्यामुळे मागायचा प्रश्नच येत नाही. सब्जेक्ट फक्त "रजा" आणि तारखा. टीम ग्रुपला वेगळा एका ओळीचा मेल, मी या तारखांना नाही, काम अमुक बघेल, बास.

खरा पेच पुढे आला. फॉलोअपला डॉक्टर म्हणाले जखम भरतेय पण पूर्ण भरायला अजून तीन-चार आठवडे लागतील, काम करा पण एका जागी फार वेळ बसू नका आणि टू-व्हीलर बंद. आता वडगाव ते खराडी गाडीशिवाय रोज कसं जाणार, आणि मॅनेजरला "बसता येत नाही" म्हटलं की तो विचारणारच का. इथे आजाराऐवजी काय जमणार नाही तेवढं लिहायचं. त्याने लिहिलं, "डॉक्टरांनी सर्जरीनंतर चार आठवडे टू-व्हीलर आणि लांबचा प्रवास टाळायला सांगितलाय, आणि सलग पाऊण तासापेक्षा जास्त बसायचं नाहीये. या काळात घरून काम करायची परवानगी हवी, रोजचे तास पूर्ण करेन, मधे मधे ब्रेक घेईन. डॉक्टरांचं लेटर एचआरकडे आहे." मिळाली परवानगी. त्याच्या मॅनेजरला आजही बहुतेक वाटतं की पाठीचं काहीतरी होतं, त्याने तसं कधी सांगितलं नाही आणि समोरच्याने विचारलंही नाही.

पाइल्स, फिशर, हायड्रोसील, फायब्रॉइड, गर्भाशय काढणं, ब्रेस्टमधली गाठ, सगळ्याला हाच ढाचा चालतो. इंग्रजीत लिहिणार असाल तर इंग्रजीत लिहा, क्रम हाच ठेवा.

पण सर्टिफिकेटवर तर आजाराचं नाव असतंच, मग मेलमध्ये न लिहून काय उपयोग?

बरोबर पकडलंत, इथेच सगळं गळतं. आपल्याकडे डॉक्टर जे रजेचं सर्टिफिकेट देतात त्याचा एक नमुना मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या आचारसंहितेत दिलाय. त्यात पेशंटला काय झालंय यासाठी एक रिकामी जागा असते, आणि किती दिवस कामावर न येणं गरजेचं आहे त्यासाठी दुसरी. त्यामुळे डॉक्टर सवयीने तिथे डायग्नोसिस लिहितात. तुम्ही मेलमध्ये कितीही जपून लिहिलं आणि खाली ते सर्टिफिकेट जोडलं की झालं सगळं उघड.

यावर दोन उपाय. एक, डॉक्टरांना आधी सांगायचं की हे ऑफिसला द्यायचंय, "सर्जरीनंतरची विश्रांती" एवढं लिहिलं तर चालेल का. बरेच डॉक्टर लिहितात, कारण ते खोटं नाहीये. काही नाही लिहीत, नियमाने आजाराचं स्वरूप लिहायला लागतं म्हणतात, त्यांच्याशी भांडू नका. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर गर्दीत सांगून उपयोग नसतो, तिथला असिस्टंट कार्डावरून बघून भरतो. राउंडला डॉक्टर येतील तेव्हाच बोला.

दोन, सर्टिफिकेट मॅनेजरला पाठवूच नका. एचआरला द्या. आणि रजेच्या पोर्टलवर अपलोड करायच्या आधी एक फोन करून विचारा की ही अटॅचमेंट अप्रूव्हरला दिसते का. कितीतरी पोर्टलमध्ये दिसते, कारण अप्रूव्ह बटणाच्या शेजारीच ती फाइल उघडते. दिसत असेल तर एचआरच्या आयडीवर वेगळा मेल करा आणि पोर्टलच्या रिझनच्या चौकटीत "सर्टिफिकेट एचआरकडे दिलं" एवढं लिहा. फाइलचं नावही बदला, `medical_certificate.pdf` पुरतं. कॉन्फरन्स रूममध्ये स्क्रीन शेअर चालू असताना कोपऱ्यात मेलचं नोटिफिकेशन आलं आणि सब्जेक्ट सगळ्यांनी वाचला, हे मी स्वतः त्या खोलीत बसून बघितलंय, आणि ज्या बाईंचा मेल होता त्या स्वतः त्याच मीटिंगला फोनवर जॉइन होत्या.

मॅनेजर म्हणतो डिस्चार्ज समरी पाठव. पाठवू?

मॅनेजरला नाही. शक्यतो एचआरलासुद्धा रजेसाठी नाही.

डिस्चार्ज समरी एकदा शांतपणे वाचून बघा. त्यात आत्ताच्या ऑपरेशनसोबत तुमचा सगळा इतिहास असतो, थायरॉइडची गोळी चालू आहे, आधी डिप्रेशनचं औषध होतं, दारू-सिगारेट घेता का, बायकांच्या बाबतीत किती बाळंतपणं किती अबॉर्शन. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासतात त्यात एचआयव्ही आणि कावीळ बी, सी या टेस्ट सर्रास असतात आणि त्यांचे रिझल्टही कधीकधी तिथेच छापलेले असतात. हे क्लेमसाठी इन्शुरन्सवाल्यांना लागतं, त्यांच्यासाठी क्लेम तपासणाऱ्या टीपीएला लागतं, तिथे द्यायलाच हवं. रजा मंजूर करायला यातलं काही लागत नाही, तिथे सर्टिफिकेट पुरतं.

म्हणायचं असं: "सर, समरी क्लेमसाठी दिलीय, रजेसाठी डॉक्टरांचं सर्टिफिकेट एचआरकडे जमा केलंय, अजून काही लागलं तर एचआर मला सांगेल." यात नाही हा शब्द नाहीये, आणि चेंडू योग्य टेबलावर गेलेला असतो.

कायद्याने मॅनेजर आजाराचं नाव मागू शकतो का?

कंपनी पुरावा मागू शकते. सिक लीव्ह ही बऱ्याच ठिकाणी कंपनीच्या पॉलिसीतून येते. आपल्या राज्याच्या २०१७च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षाला ८ कॅज्युअल रजा आणि साठणारी पगारी रजा आहे, सिक लीव्ह असा वेगळा प्रकार त्यात नाही. त्यामुळे किती दिवसांनंतर सर्टिफिकेट लागतं हे तुमच्या पॉलिसीत बघायचं, बहुतेक ठिकाणी दोन किंवा तीन दिवसांच्या वर लागतं. पुरावा कंपनीला द्यायचा असतो, आणि कंपनी म्हणजे तुमचा टीम लीडच असं नाही. आयटी कायद्याखालच्या २०११च्या नियमांमध्ये मेडिकल रेकॉर्ड आणि शारीरिक-मानसिक प्रकृतीची माहिती संवेदनशील माहितीत धरलीय, एचआरशी बोलताना हे एक वाक्य कामाला येतं. आणि एचआयव्हीच्या बाबतीत २०१७चा स्वतंत्र कायदाच आहे, कोर्टाचा आदेश असल्याशिवाय आपलं स्टेटस सांगायची कुणावरही सक्ती करता येत नाही.

ज्यांना ईएसआय ही कर्मचारी राज्य विमा योजना लागू आहे, म्हणजे महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार, त्यांचं गणित वेगळं. तिथे आजारपणाचा भत्ता साधारण पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो, त्याला आधीच्या सहा महिन्यांच्या काँट्रिब्युशन पिरियडमधले किमान ७८ दिवस भरलेले लागतात, आणि सर्टिफिकेट ईएसआयच्याच डॉक्टरचं लागतं. बिबवेवाडी किंवा चिंचवडच्या हॉस्पिटलमध्ये जे सांगायचं ते मोकळेपणाने सांगा, काही लपवू नका. सुपरवायझरला तारखा कळवल्या की बास.

असं काही आहे का, जिथे नाव न सांगितल्याने आपलंच नुकसान होतं?

आहे, आणि हे मी स्वतः भोगलंय.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माझं मिसकॅरेज झालं, तिसरा महिना होता. तेव्हा मी एचआरमध्ये नवीनच होते, दुसऱ्या कंपनीत. हॉस्पिटलच्या बेडवरून मोबाइलवर मी मॅनेजरला मोठा मेल लिहिला, ब्लीडिंग कधी सुरू झालं, सोनोग्राफीत ठोके नव्हते, क्युरेटिंग केलं, सगळं. क्वार्टर एंड होता आणि मला अपराधी वाटत होतं की मी अशा वेळी रजा घेतेय. सर चांगले होते हो, त्यांनी लगेच "काळजी घे" असं उत्तर दिलं. आणि रजा लावायला म्हणून तोच मेल अख्ख्या थ्रेडसकट अॅडमिनला फॉरवर्ड केला. पाच दिवसांनी मी परत गेले तर रिसेप्शनवरची मुलगी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली "ताई, होईल पुन्हा." तिला वाईटच वाटत होतं. पण मी माझ्या सासूबाईंनासुद्धा तेव्हा नीट सांगितलं नव्हतं.

आणि त्या पाच दिवसांत मी माझी सिक लीव्ह वापरली. १९६१च्या प्रसूती लाभ कायद्यात मिसकॅरेज झाल्यावर लगेच पुढचे ६ आठवडे पगारी रजा होती. आताच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती ठेवलीय. ती मिळायला पुरावा द्यावा लागतो, म्हणजे एचआरला कारण सांगावंच लागतं. मी कारण मॅनेजरला सगळं सांगितलं आणि एचआरला काहीच सांगितलं नाही, उलटं झालं माझं. नुसती "मेडिकल लीव्ह" लागली आणि ती सहा आठवड्यांची रजा मला आहे हे मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तर असं काही झालं असेल तर एचआरच्या एकाच माणसाला, शक्यतो आधी फोनवर, खरं कारण सांगा आणि विचारा की मेल कुणाच्या आयडीवर पाठवू, तो ग्रुप आयडी आहे का. पोर्टलवर ही रजा कुठल्या नावाने दिसेल तेही विचारा, कारण "मिसकॅरेज लीव्ह" असं लेबल टीमच्या कॅलेंडरवर दिसलं तर काय उपयोग. आम्ही आता तिथे फक्त "स्पेशल लीव्ह" दाखवतो. मॅनेजरला एवढंच: "मेडिकल कारणामुळे सहा आठवडे रजेवर आहे, एचआरशी बोलणं झालंय."

संसर्ग होणारं काही असेल तर?

मग सांगायला हवं, इथे प्रश्न शेजारी बसणाऱ्यांचाही आहे. कांजिण्या अंगावर पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरायला लागतात, आणि टीममध्ये कुणी गरोदर असेल तर तिला वेळेत कळणं फार गरजेचं असतं. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत ऑफिसला जायचं नाही. मॅनेजरला नाव सांगा आणि विनंती करा की टीमला "ऑफिसमध्ये एकाला कांजिण्या झाल्यात, गरोदर असाल किंवा आधी झाल्या नसतील तर डॉक्टरांशी बोला" असं कळवा, माझं नाव न घेता.

टीबीचं जरा वेगळं. टीबीची नोंद सरकारकडे करायचं काम डॉक्टरांचं असतं. तुम्ही एचआरला सांगा, आणि ऑफिसला कधीपासून जाऊ हे डॉक्टरांना लेखी विचारा. फुफ्फुसाचा साधा टीबी असेल आणि औषध लागू पडत असेल तर साधारण दोन आठवड्यांत पसरायची शक्यता बरीच कमी होते, औषधं मात्र पुढे कित्येक महिने चालतात, आणि तेवढे महिने कुणी तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघायचं काही कारण नाही. मानेच्या गाठीचा किंवा हाडाचा टीबी सहसा पसरतच नाही, तिथे टीमला सांगायचा प्रश्न येत नाही.

चाकणला शॉप फ्लोअरवर आहे, चक्कर येते. हे पण न सांगता चालेल?

नाही. फोर्कलिफ्ट, क्रेन, प्रेस, उंचीवरचं काम, कंपनीची गाडी चालवणं, इथे चक्कर, फिट, किंवा झोप आणणारं औषध चालू असेल तर सुपरवायझरला कळलंच पाहिजे, त्यात दुसऱ्याचा हात किंवा जीव जाऊ शकतो. तरी पूर्ण नाव नाही सांगितलं तरी चालतं: "औषधामुळे गुंगी येते, डॉक्टरांनी मशीन चालवायला मनाई केलीय, अमुक तारखेपर्यंत दुसरं काम द्या." फॅक्टरीत मेडिकल ऑफिसर असेल तर बाकीचं सगळं त्यांना सांगा.

डिप्रेशन किंवा पॅनिक अटॅकसाठी रजा हवीये. काय लिहू?

"प्रकृतीच्या कारणामुळे डॉक्टरांनी दोन आठवडे विश्रांती सांगितलीय." हे शंभर टक्के खरं आहे, यात अपराधी वाटायचं काही नाही.

अडचण लेटरहेडची येते. सर्टिफिकेटवर काहीही लिहिलेलं असो, वरती मानसोपचारतज्ज्ञ छापलेलं असतंच. म्हणून ते फक्त एचआरच्या हातात जाऊ द्या. काही जण फॅमिली डॉक्टरकडून घेतात, ते चालतं, पण त्यांनी खरंच तुम्हाला तपासलेलं आणि तुमची ट्रीटमेंट माहीत असलेली हवी, नुसता मित्र आहे म्हणून दिलेलं नको. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने डॉक्टरांवर गुप्ततेचं बंधन घातलंय, त्यामुळे ऑफिसमधून कुणी क्लिनिकला फोन केला तरी त्यांनी सांगायचं नसतं.

परत आल्यावर रात्रीची शिफ्ट झेपणार नसेल तर तेही तसंच मागा, आजार न सांगता: "डॉक्टरांनी तीन महिने झोपेची वेळ ठरावीक ठेवायला सांगितलीय, नाइट शिफ्ट नको." मॅनेजर जवळचा असेल, आधी कुणाचं असं काही त्याने नीट सांभाळलं असेल, तर तोंडी सांगायला माझी ना नाही, बऱ्याच जणांना त्याने आधारही मिळालाय. मेलवर मात्र नको, मेल पुढच्या मॅनेजरलाही सापडतो.

सोपं काहीतरी खोटं कारण दिलं तर? व्हायरल ताप म्हणून टाकलं?

नका करू. आजार न सांगणं हा तुमचा हक्क आहे पण खोटा आजार सांगितला आणि नंतर सर्टिफिकेटवर दुसरंच निघालं तर विषय आजाराचा राहत नाही, खोटं बोलल्याचा होतो, आणि त्यावर कारवाई होऊ शकते. माझ्यासमोर असं झालंय, बाईंची रजा अगदी रास्त होती, गर्भाशयाचं ऑपरेशन होतं, पण मेलमध्ये टायफॉइड लिहिलेलं, आणि मग खुलासा लिहून देताना त्यांना ते सगळं तीन लोकांसमोर सांगावं लागलं जे त्या टाळत होत्या.

मॅनेजर फोन करून खोदून विचारतो, आणि टीम भेटायला येते म्हणते

आपल्याकडे विचारतात ते बहुतेक वेळा काळजीने. "काय झालंय नक्की?" ला "आता बरं आहे, डॉक्टर बघतायत, थोडी विश्रांती हवी" असं म्हणायचं आणि लगेच कामावर यायचं, "तो रिपोर्ट मिळाला का?" विषय बदलतो. दुसऱ्यांदा विचारलं तर सरळ सांगा, "सर, जरा खाजगी आहे, कागद एचआरकडे दिलेत." हे मऊ आवाजात म्हटलं तर कुणाला लागत नाही.

भेटायला येणाऱ्यांना हॉस्पिटलचं नाव सांगू नका, कारण नुसत्या नावावरून किंवा मजल्यावरून कळतं, मॅटर्निटी आहे की कॅन्सरचं. "घरी आल्यावर या, चहाला" म्हणा. आणि घरच्यांनाही सांगून ठेवा, कारण फोन आई उचलते आणि आई सगळं सांगते.

सगळं लिहून मेल आधीच पाठवलाय. आता?

रिकॉलवर भरवसा ठेवू नका, समोरच्याने आधीच वाचला असेल तर त्याचा उपयोग नसतो, उलट कधीकधी "रिकॉल करायचा प्रयत्न केला" असा निरोप गेला की लोक मुद्दाम उघडून बघतात. मॅनेजरला फोन करा, मेल नको. म्हणा, "सर, गडबडीत जास्त लिहून गेलो, तो मेल कृपया पुढे पाठवू नका, अटॅचमेंट डिलीट करा, मी रजेसाठी वेगळा छोटा मेल करतोय तो वापरा." मग लगेच नवीन मेल करा, जुन्याला रिप्लाय म्हणून करू नका, नाहीतर खाली सगळं तसंच चिकटून जातं. पोर्टलवर अपलोड झालं असेल तर एचआरला फाइल काढून दुसरी लावायला सांगा, बहुतेक पोर्टलमध्ये रजा अप्रूव्ह व्हायच्या आधी ते दोन मिनिटांचं काम असतं, अप्रूव्ह झाल्यावर आयटीकडे तिकीट टाकावं लागतं, म्हणून त्याच दिवशी करा.